संचालकाचे मत एक, मग परिचय कुणाचा दीड आणि कुणाचा पाव?



साखर कारखान्याची निवडणूक लागली, माघारीची मुदत संपली आणि पॅनेल ठरले की आपल्या जिल्ह्यातल्या छापखान्यांना रात्र उरत नाही. चार पानांचे गुळगुळीत पत्रक निघते. वर चिन्ह, त्याखाली नेत्यांचे फोटो आणि आतल्या दोन पानांवर उमेदवारांचे परिचय. पत्रकावरून मत ठरत नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण घरात आलेले पत्रक हातात घेऊन 'हा कुठला, ही कुणाची' असे विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. आणि ज्या उमेदवाराला आपण कधी पाहिलेलेच नाही, त्याच्याबद्दल आपल्याला जे कळते ते त्या चार ओळींतूनच.

आम्ही अशी पत्रके जमवून ओळीने वाचून काढली. सत्ताधारी असोत की विरोधी, परिवर्तनवाले असोत की विकासवाले, आतली दोन पाने एकाच साच्यातली निघाली. पॅनेलप्रमुखाला दीडशे शब्द. सर्वसाधारण गटातल्या उमेदवारांना साठ-सत्तर. महिला राखीव आणि मागासवर्गीय राखीव जागांवरच्या उमेदवारांना पंधरा ते वीस. शब्द कमी ही एक गोष्ट झाली. खरी गोम त्या पंधरा शब्दांत काय लिहिले आहे त्यात आहे. बाई असेल तर कुणाची पत्नी, कुणाची सून. मागासवर्गीय असेल तर समाजाचा प्रतिनिधी. ऊस किती, शेअर कधीचा, कुठली संस्था चालवली, याचा पत्ता नाही. वाचणाऱ्याने काय समजायचे? हे भरतीचे उमेदवार आहेत, एवढेच.

आमचे म्हणणे असे की हा प्रश्न सौजन्याचा नाही, कारभाराचा आहे. संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव मताला पडला तर प्रत्येक संचालकाचे मत एकच मोजले जाते. राखीव जागेवरून आलेल्याचे अर्धे मोजत नाहीत. उद्या कारखान्याच्या कारभाराची चौकशी लागली आणि सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरू लागली, तर 'मी राखीव जागेवरचा, मला काही माहीत नव्हते' म्हणून कुणाला सूट मिळत नाही. अधिकार सारखा, जबाबदारी सारखी. मग सभासदांपुढे उभे करताना एकाला पुढारी म्हणून आणि दुसऱ्याला खोगीरभरती म्हणून का उभे करायचे?

या कोल्हापुरात तरी हे कुणाला नव्याने सांगावे लागू नये. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानच्या नोकरीतल्या पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. राखीव जागा म्हणजे हलकी जागा असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. आपल्या पत्रकांनी मात्र तो अर्थ लावून घेतला आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार संचालक मंडळात दोन जागा महिलांसाठी, एक अनुसूचित जाती-जमातींसाठी, एक इतर मागासवर्गीयांसाठी आणि एक भटक्या-विमुक्त जाती-जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गासाठी राखीव असते. एकवीस जणांचे मंडळ धरले तर त्यातले पाच जण या जागांवरून येतात. या जागांसाठी मत मात्र फक्त त्या त्या समाजाने किंवा फक्त बायकांनी द्यायचे नसते. ज्याला मतदानाचा हक्क आहे त्या प्रत्येक सभासदाने द्यायचे असते.

याचा परिणाम लक्षात घ्या. सर्वसाधारण गटातला उमेदवार निदान आपल्या गटातल्या गावांत ओळखीचा असतो. त्याचे रान, त्याचा वाडा, त्याचे बोलणे लोकांनी पाहिलेले असते. राखीव जागेवरच्या उमेदवाराला कार्यक्षेत्रातल्या सगळ्या गावांतून मते मिळवायची असतात आणि त्यातल्या बहुतेक गावांनी त्याचे तोंडही पाहिलेले नसते. म्हणजे ज्याला परिचयाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच आपण सर्वांत कमी परिचय देतो. मग मोजणीच्या दिवशी पॅनेलमधले बाकीचे निवडून येतात, राखीव जागेवरचा एखादा थोडक्या मतांनी मागे पडतो आणि क्रॉस व्होटिंगच्या नावाने खडे फोडले जातात. सभासदाने वेगळ्या रंगाच्या मतपत्रिकेवर दुसऱ्या पॅनेलला शिक्का मारला तो नेहमीच कुणाच्या सांगण्यावरून मारत नाही. कधी कधी समोरच्या पत्रकात निदान माणूस दिसला म्हणूनही मारतो.

हा असमतोल कुणी ठरवून करतो असे नाही. तो कामाच्या पद्धतीतून येतो. ज्याने त्याने आपला परिचय आपण लिहून द्यावा, असे ठरते. पॅनेलप्रमुखाकडे लिहिणारा माणूस असतो. मागच्या निवडणुकीचा मजकूरही तयार असतो. दोघे-तिघे शिक्षकाकडून लिहून घेतात. एखादा फोनवर सांगतो. बाईंचा मजकूर त्यांचे मालक किंवा दीर देतात, आणि ते स्वतःचीच ओळख देतात. राखीव उमेदवाराचे नाव शेवटच्या रात्री ठरलेले असते, त्यामुळे त्याचा मजकूर डीटीपी करणारा पोरगाच जुन्या पत्रकातून उचलून टाकतो. बारा हातांनी लिहिलेले कागद एका पानावर बसवले की ज्याचा हात लांब त्याचा परिचय लांब होतो.

तेव्हा पहिली दुरुस्ती अशी, की कुणीही आपला परिचय आपण लिहायचा नाही. उमेदवारांपैकी नसलेल्या एका माणसाने सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारायचे आणि सगळे परिचय त्यानेच लिहायचे. प्रश्न पाच पुरतात. तुमच्या स्वतःच्या नावावर रान किती, त्यात ऊस किती आणि शेअर कधीपासून? कोणती संस्था किंवा कोणते काम तुम्ही स्वतः चालवले आणि किती वर्षे? त्या कामात तुमच्यामुळे कोणती एक गोष्ट बदलली? कारखान्याच्या कामातला कोणता भाग तुम्हाला इतरांपेक्षा जास्त कळतो? मंडळात गेल्यावर कोणत्या एका गोष्टीवर नजर ठेवणार? उत्तरे उमेदवाराच्याच तोंडून घ्यायची. बाईंच्या वतीने मालक बोलू लागले तर त्यांना चहाला बाहेर न्यायचे.

या पाच प्रश्नांनी काय फरक पडतो ते नमुन्याने दाखवतो. उमेदवार कल्पित आहेत, पण असे मजकूर आपण सगळ्यांनी वाचलेले आहेत. महिला राखीव जागेसाठी आलेला मजकूर असा: 'माजी सरपंचांच्या सुविद्य पत्नी. धार्मिक वृत्तीच्या, मनमिळाऊ स्वभावाच्या. महिलांच्या सुखदुःखात सदैव सहभागी.' यातले एकही वाक्य ऊस कारखान्याच्या कामाचे नाही आणि पहिल्या वाक्यात तर परिचय दुसऱ्याच माणसाचा आहे. बाई कारखान्याची उमेदवार आहे याचा अर्थच असा की ती स्वतः सभासद आहे, तिच्या नावावर शेअर आहे. बाईचे नाव सातबाऱ्यावर लागावे म्हणून शेतकरी चळवळीने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनापासून आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून किती गावे पालथी घातली! सातबाऱ्यावर लागलेले ते नाव पत्रकावर येताना पुन्हा नवऱ्याच्या नावाआड जाते. तेच पाच प्रश्न बाईंना विचारले की मजकूर असा होतो:

'स्वतःच्या नावावर दीड एकर, सगळा ऊस. २००९ पासून स्वतःचा शेअर. गावात महिला दूध संस्था काढली, सात वर्षे चेअरमन. रोजचे संकलन तीनशे लिटर, दहा दिवसांचे बिल एकदाही थकले नाही. फॅट सभासदासमोर काढण्याची पद्धत बसवली. मंडळात गेल्यावर उसाचे बिल ठरल्या तारखेला निघते का, ते पाहणार.'

अनुसूचित जाती राखीव जागेचा मजकूर: 'समाजाचे तरुण नेतृत्व. मागासवर्गीयांच्या न्याय्य हक्कांसाठी झटणारे तळागाळातील कार्यकर्ते.' उमेदवाराचे वय साठीच्या पुढे आहे, पण जुन्या पत्रकातून उचलले की असे होते. त्यांना विचारल्यावर:

'पस्तीस गुंठे ऊस, १९९८ पासून सभासद. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकवीस वर्षे कारकून, आता निवृत्त. भरलेली गाडी, रिकामी गाडी, पावती आणि काट्याची तपासणी ही प्रत्येक पायरी स्वतः हाताळली. आता चार गावांतल्या सभासदांच्या पावत्या बिलाशी ताडून देतात. मंडळात गेल्यावर काटा तपासणीचा अहवाल दर महिन्याला मागणार.'

वजनात मारतात, काट्यात मारतात म्हणून आपण गळा फाटेपर्यंत ओरडतो. आणि सगळ्या पॅनेलमध्ये ज्या एका माणसाला काटा आतून माहीत आहे, त्याची ओळख आपण काय देतो, तर जात! हे त्या उमेदवाराचे जेवढे नुकसान आहे तेवढेच ऊस घालणाऱ्या प्रत्येक सभासदाचे आहे.

आता पॅनेलप्रमुखाकडे येऊ. त्यांचा मजकूर दीडशे शब्दांचा, त्यात अकरा पदे. झुंजार, अभ्यासू, दूरदृष्टीचे, सर्वसामान्यांचे आधारवड. तोही त्याच पाच प्रश्नांतून काढायचा:

'साडेचार एकर रान, तीन एकर ऊस, १९९१ पासून सभासद. कारखान्याचे दोन वेळा संचालक. ऊस तोडणी-वाहतूक समितीत असताना क्रमपाळीची यादी गावच्या चावडीवर लावायला सुरुवात केली. गावच्या विकास सेवा संस्थेचे नऊ वर्षे चेअरमन, संस्थेला लेखापरीक्षणात अ वर्ग. मंडळात गेल्यावर क्रमपाळी डावलून तोड दिली जात नाही ना, हे पाहणार.'

यात त्यांचे काही कमी झाले आहे का? अकरा पदांतून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नव्हते. चावडीवर लावलेली यादी मात्र लक्षात राहते. तिन्ही परिचय एका मापाचे झाले, चाळीस ते पन्नास शब्दांचे. तिन्हींत माणूस आपल्या पायावर उभा आहे आणि तिन्ही एकमेकांसारखे वाचत नाहीत. समतोल म्हणजे सगळ्यांबद्दल तेच लिहिणे नव्हे. सगळ्यांना तेच विचारणे आणि सारखीच जागा देणे, एवढाच त्याचा अर्थ.

दोन बाजूंनी घसरण्याचा धोका आहे तोही सांगतो. एक म्हणजे कमकुवत वाटणाऱ्या परिचयात विशेषणे भरणे. बाईंना रणरागिणी म्हटले, तरुणाला तडफदार म्हटले की समतोल झाला, असे काहींना वाटते. होते उलटेच. एकाच्या नावापुढे कामे आणि दुसऱ्याच्या नावापुढे विशेषणे असली की वाचणारा ओळखतो की दुसऱ्याकडे सांगण्यासारखे काही सापडले नाही. म्हणून विशेषणे सरसकट सगळ्यांची काढायची. दुसरा धोका खोटे लिहिण्याचा. जो आकडा लिहायचा त्याचा कागद पाहायचा: शेअरचा दाखला, ऊसबिल, संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल. कागद नसेल तर ते वाक्य जाईल, मग ते पॅनेलप्रमुखाचे असले तरी. हा नियम एकाला लावला आणि दुसऱ्याला सोडला तर सगळी मेहनत पाण्यात.

ज्या तरुणाने अजून एकही पद घेतलेले नाही, त्याचे काय? त्याला चौथा प्रश्न नीट विचारायचा. एखाद्याने आपल्या एकरभर ठिबकवरच्या उसाचा पाणी, खत आणि मजुरीचा खर्च तीन हंगाम वहीत लिहून ठेवलेला असतो. उत्पादन खर्चावर मंडळात बोलायला त्याच्याइतका लायक दुसरा कोण? ते लिहायचे. पण पाचही प्रश्नांना उत्तरच येत नसेल, तर तो दोष लिहिणाऱ्याचा नाही, उमेदवार निवडणाऱ्यांचा आहे. तो शब्दांनी झाकू नये. कागदावर बाई आणि खुर्चीवर नवरा, असला कारभार चांगल्या परिचयाने सुधारत नाही.

नावांबद्दल थोडे. पुरुषाला 'श्री.' लावले की त्याचे लग्न झाले आहे की नाही ते कळत नाही. बाईला 'सौ.' किंवा 'श्रीमती' लावले की लगेच कळते, आणि आपल्याकडे 'श्रीमती' म्हटले की लोक भलताच अर्थ काढतात. एकाला 'मा.' आणि दुसऱ्याला नुसते 'श्री.' हाही मापात पाप करण्याचाच प्रकार. सोपा उपाय असा, की सगळ्यांचेच बिरूद काढायचे आणि मतपत्रिकेवर असेल तसेच पूर्ण नाव, खाली गाव, एवढेच छापायचे. मतदाराला ते मतपत्रिकेवर सापडायलाही बरे. आबा, दादा, अण्णा, अक्का लिहायचे तर सगळ्यांचे लिहावे. फोटो एकाच मापाचे, चेहरा सारख्याच आकाराचा. एकाचा हात उंचावलेला सभेतला फोटो आणि दुसऱ्याचा आधार कार्डावरचा, असे असले तर मजकूर कितीही तोलला तरी पारडे झुकलेलेच राहील.

समतोल झाला की नाही हे ओळखायच्या दोन खुणा आम्ही सांगतो. पहिली अशी, की प्रत्येक परिचयातल्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारायची. 'काढली, बसवली, सुरू केली, हाताळली' ही माणसाने स्वतः केलेली कामे. 'सहभाग असतो, सहकार्य लाभते, झटतात' यांत काम कुणाचे ते कळत नाही. एकाकडे पहिल्या जातीची चार आणि दुसऱ्याकडे एकही नसेल, तर दुसऱ्याला पुन्हा जाऊन विचारायचे. दुसरी खूण अशी, की नाव आणि फोटो झाकून मजकूर दुसऱ्या गटातल्या चार-पाच सभासदांना वाचून दाखवायचा आणि यातला भरतीचा कोण, असे विचारायचे. सगळ्यांनी एकाकडेच बोट दाखवले तर तो मजकूर अजून कच्चा आहे. हल्ली तर एकेका उमेदवाराचा चौकोन कापून मोबाईलवर वेगळा फिरतो. बाकीची पाने सोबत नसताना तो एकटा टिकतो का, हेही त्यातच कळते.

आमच्यावर एक आक्षेप नक्की येणार. ज्याने वीस वर्षे घासली, तुरुंग पाहिला, त्याला आणि काल आलेल्याला एकच माप? आक्षेपात तथ्य आहे. लोक पॅनेल बघतात ते नेत्याकडे बघूनच. म्हणून नेत्याला वेगळी जागा द्यावी: पहिल्या पानावर त्याच्या सहीचे निवेदन, पॅनेल काय करणार याचे. तिथे तो नेता म्हणून बोलेल. आतल्या पानावर मात्र तो उमेदवार आहे आणि तिथे त्याला इतरांएवढीच जागा. या दोन गोष्टी एकाच चौकोनात कोंबल्यामुळेच सगळा घोळ होतो.

शेवटचे काम वाचनाचे. छपाईला जाण्याआधी सगळ्या उमेदवारांनी एकत्र बसून सगळे परिचय मोठ्याने वाचायचे. फक्त आपला नव्हे, सगळ्यांचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही त्यात ऐकता येते. हरकत असेल तर तिथेच घ्यायची आणि प्रुफावर सगळ्यांनी सही करायची. म्हणजे मग रात्री छापखान्यात जाऊन कुणी आपल्या दोन ओळी वाढवत नाही. यासाठी माघारीनंतर दोन दिवस राखून ठेवावे लागतात. राखीव जागांची नावे शेवटच्या रात्री ठरवण्याची सवयही त्यासाठी मोडावी लागेल.

जिल्हा बैठकीपुढे आमची मागणी एवढीच आहे. यापुढे आपल्या कार्यकर्त्यांचा ज्या पॅनेलशी संबंध येईल, मग ती निवडणूक कारखान्याची असो, दूध संघाची असो की गावच्या विकास सेवा संस्थेची, त्या पॅनेलचे परिचय एका हाताने, याच पाच प्रश्नांवरून आणि पन्नास शब्दांच्या आत लिहिले जावेत, असा ठराव करावा. प्रश्न विचारायला प्रत्येक तालुक्यातून दोन माणसे नेमावीत, त्यांतली एक बाई असावी. नावे याच बैठकीत लिहून घेतली तर पुढची निवडणूक लागेपर्यंत थांबण्याचे कारण उरणार नाही.